कडक अव्होकाडो मुंबईच्या घरात पिकवताना: रंग, दाब आणि केळ्याची पिशवी

अव्होकाडो झाडावर पिकत नाही. आंबा निदान झाडावर पाडाला तरी लागतो. अव्होकाडो झाडावर नुसता निबर होतो, त्याच्या गरात तेल भरत जातं, पण फळ कडकच राहतं. मऊ व्हायची सुरुवात होते ती तोडल्यानंतर. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटमध्ये, दादरला किंवा घराजवळच्या फळवाल्याकडे तो दगडासारखा कडक मिळाला तर त्यात फसवणूक काही नाही. घरी पिकवायला वेळ असेल तर कडक फळच घ्यावं असं आम्ही सांगू, कारण दुकानातल्या मऊ फळावर आधी किती जणांची बोटं दाबली गेली आहेत, ते कापल्यावरच कळतं.

खरी अडचण मुंबईच्या हवेची आहे. ‘अव्होकाडो खोलीच्या तापमानाला ठेवा’ असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण त्यातली खोली थंड देशातली असते, अठरा-वीस अंशांची. अव्होकाडो सगळ्यांत चांगला पिकतो तो १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. पंचविशीच्या पुढे तो घाईघाईने आणि असमान पिकायला लागतो. तिशीच्या पुढे तर फळाला पिकवणारी आतली यंत्रणाच अडखळते. साल मऊ लागते, बीजवळचा गर मात्र रबरासारखा चिवट राहतो, आणि देठाकडून बुरशी आत शिरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात स्वयंपाकघराचा ओटा सहज बत्तीस-तेहतीस अंशांवर असतो, शेगडी चालू असताना आणखी वर. तिथे टोपलीत ठेवलेला अव्होकाडो बिघडला तर दोष फळाचा नसतो, जागेचा असतो.

आधी ओळखा: हातात कोणता अव्होकाडो आहे

रंगावरून पिकणं ओळखायचं असेल तर फळाची जात माहीत हवी, कारण प्रत्येक अव्होकाडो रंग बदलत नाही.

मुंबईत जो आयात माल येतो तो बहुतेक हास जातीचा असतो. बाहेरच्या देशातला माल असल्याने बऱ्याच फळांवर देशाचं नाव असलेलं छोटं स्टिकर लावलेलं असतं. टांझानिया, केनिया, न्यूझीलंड, पेरू अशी नावं दिसतील. या जातीचं मूळ झाड कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास यांच्या बागेत उगवलं आणि १९३५ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. फळ साधारण १५० ते २५० ग्रॅमचं, साल जाड आणि खडबडीत, हाताला पुरळ उठल्यासारखी लागते. कच्चं असताना गडद हिरवं, पिकताना जांभळट, पिकल्यावर जवळजवळ काळं.

दुसरा माल आपल्या दक्षिणेतून येतो, कूर्ग, कोडाईकनाल, वायनाड या बाजूंनी. पावसाळ्याच्या सुमारास तो जास्त दिसतो आणि बरेच फळवाले त्याला बटर फ्रूट म्हणतात. ही फळं बहुधा मोठी, साल पातळ, गुळगुळीत आणि चकचकीत. गरात तेल कमी, पाणी जास्त. यातली बरीच फळं पूर्ण पिकली तरी हिरवीच राहतात. ती काळी होण्याची वाट बघत बसलात तर ज्या दिवशी ती काळी दिसतील त्या दिवशी ती कुजलेली असतील.

म्हणून हातात घेतल्याबरोबर सालीवरून अंगठा फिरवा. खडबडीत आणि जाड लागली तर रंग थोडाफार कामाचा. गुळगुळीत आणि पातळ लागली तर रंग विसरा आणि फक्त दाबावर चाला.

विकत घेताना

एका वेळी पिकवायला घ्यायची फळं एकाच ढिगातून, एकाच आकाराची आणि एकसारखी कडक घ्या. एक अर्धवट मऊ आणि तीन कडक अशी घेतली तर एकाच पिशवीत त्यांचा हिशेब जुळत नाही.

देठाच्या जागी छोटं गोल, तपकिरी बटण असतं. ते शाबूत असलेलं फळच निवडा. बटण उडवून खालचा रंग बघायचा, हिरवा असला तर चांगलं, तपकिरी असला तर जास्त पिकलेलं, ही युक्ती खूप पसरली आहे. रंगाचं म्हणणं चूक नाही, पण बटण काढलेलं कडक फळ घरी नेऊन चार दिवस ठेवलं की त्याच उघड्या जागेतून ते सुकतं आणि बुरशीही तिथूनच आत जाते. ही परीक्षा करायचीच असेल तर फळ कापायच्या एक मिनिट आधी करा. दुकानात करू नका, ते फळ तुमच्यानंतर दुसरं कोणीतरी घेणार असतं.

ज्या फळाची मान कडक असतानाच सुरकुतलेली दिसते ते टाळा. ते बहुधा कोवळं तोडलेलं असतं. त्यात तेल पुरेसं भरलेलंच नसतं, त्यामुळे पिशवी, केळं, काहीही करा, ते मऊ व्हायच्या ऐवजी आकसतं आणि चिवट होतं. खोलगट काळे ठिपके असलेलं फळही नको. सालीवर कोरडे, खरखरीत, तपकिरी व्रण मात्र चालतात. झाडावर फांदी घासल्याच्या त्या खुणा असतात आणि गरापर्यंत पोचलेल्या नसतात.

पिशवी लावणं

आंब्याची आढी लावताना आपण गवत पसरतो, फळं देठ खाली करून मांडतो आणि वरून झाकतो. तत्त्व इथेही तेच. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि तो वायू भोवती साठला की शेजारची फळंही पिकायला लागतात. अव्होकाडो स्वतःही इथिलीन सोडतो, पण तोडल्यावर सुरुवातीचे एक-दोन दिवस फारच थोडं. हा आळस मोडण्यासाठी आपण केळ्याची मदत घेतो.

लागणारं सामान एवढंच: एक जाड, कोरडी, तपकिरी कागदी पिशवी, बेकरीत किंवा किराणा दुकानात मिळते तशी. फरसाणाची तेल लागलेली नको. आणि प्रत्येक दोन अव्होकाडोंमागे एक पिकलेलं केळं. वेलची केळी असतील तर दोन घ्या, ती लहान असतात. केळ्यावर तपकिरी ठिपके आलेले असावेत, तसं केळं भरपूर इथिलीन सोडतं. देठाकडे अजून हिरवं असलेलं केळं फारसा उपयोग करत नाही. केळं नसेल तर पिकलेलं सफरचंद चालतं.

अव्होकाडो धुऊ नका. धुतलेल्या सालीवरचा ओलावा आपल्या दमट हवेत वाळत नाही आणि देठाच्या बटणाभोवती पांढरी बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसून घ्या, बस. फळं पिशवीत एका थरात ठेवा, एकमेकांवर रचू नका. केळं मध्ये ठेवा. पिशवीचं तोंड दोनदा दुमडा, पण चिकटपट्टी लावून बंद करू नका. इथिलीन आत थोडं साठलं पाहिजे आणि बाहेरची हवाही थोडी आत आली पाहिजे, कारण पिकणारं फळ श्वास घेत असतं. त्याला प्राणवायू लागतो आणि ते कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर टाकतं. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं फळ याचमुळे बिघडतं: आत घाम सुटतो, हवा कोंदते, आणि फळ मऊ होतं पण त्याला आंबूस वास येतो.

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे आणि कैरीसाठी ती चालतही असेल. अव्होकाडोसाठी आम्ही ती सुचवत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हवा कोंडते, फळ डोळ्यांसमोर नसतं, आणि एक दिवस उघडायला विसरलात तर फळ तर जातंच, तांदळालाही ओल लागते.

पिशवी कुठे ठेवायची

मुंबईतल्या घरात या प्रश्नाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजन आहे.

घरात रात्री एसी चालत असेल तर त्या खोलीतलं कपाटाचं खालचं फळकूट ही सगळ्यांत चांगली जागा. पंचवीस अंशांची खोली अव्होकाडोसाठी आदर्श नाही, पण बत्तीस अंशांच्या ओट्यापेक्षा खूपच बरी. एसीच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, त्या कोरड्या वाऱ्याने साल सुकते. एसी नसेल तर उत्तरेच्या भिंतीला लागून, जमिनीवर, उन्हापासून आणि शेगडीपासून लांब. न्हाणीघराबाहेरची लादी घरात बऱ्याचदा सगळ्यांत थंड असते, तिथे पाटावर पिशवी ठेवता येते. फ्रिजच्या वरची मोकळी जागा सोयीची वाटते, पण फ्रिजची उष्णता तिथेच वर येते, तेव्हा ती टाळा.

डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा अठराच्या आसपास उतरतो तेव्हा, यातलं काही करावं लागत नाही. खिडकीपासून आत, सावलीत ठेवलेली साधी पिशवी पुरते, फक्त एखादा दिवस जास्त धरा.

पावसाळ्यात उष्णता कमी असते आणि ओल जास्त. तेव्हा पिशवीच्या तळाशी कोऱ्या कागदाची किंवा टिश्यूची घडी ठेवा, आणि रोज संध्याकाळी पिशवी पाच मिनिटं उघडी ठेवून कागद ओलसर लागला तर बदला. पिशवी मऊ पडली असेल तर तीही बदला.

रंग काय सांगतो आणि काय लपवतो

आता हासच्या रंगाबद्दल. पूर्ण हिरवा आणि कडक म्हणजे कच्चा, अजून किमान तीन-चार दिवस. हिरव्यावर तपकिरी-जांभळट झाक येऊ लागली, विशेषतः एका बाजूने, म्हणजे पिकायला लागला. सगळीकडे गडद जांभळा झाला आणि हिरवा रंग फक्त सुरकुत्यांमध्ये उरला, म्हणजे जवळ आला. काळपट झाला आणि सालीची चमक गेली, तर आता दाबून बघायलाच हवं.

पण रंगाच्या दोन लबाड्या आहेत. पहिली, हंगामाच्या शेवटी झाडावर जास्त दिवस राहिलेल्या हास फळांना कडक असतानाच काळपटपणा आलेला असतो. तसं फळ बघून तुम्ही आज कापाल आणि आत सुरी अडकेल. दुसरी लबाडी अशी की काळा रंग ‘पिकला’ आणि ‘उतरला’ यांच्यातला फरक दाखवत नाही. खायला उत्तम असलेला हास आणि दोन दिवसांपूर्वी उतरलेला हास शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून रंगाचं काम एवढंच धरा: कोणतं फळ आज हातात घेऊन बघायचं ते रंग सांगतो. कापायचं की नाही हे तळहात ठरवतो.

हिरव्या राहणाऱ्या बटर फ्रूटमध्ये रंगाऐवजी चकाकी बघा. कच्च्या फळाची साल तेल लावल्यासारखी चमकते. पिकताना ती निस्तेज होते, हिरवा रंग किंचित पिवळट पडतो. काही जातींमध्ये फळ कानाजवळ धरून हलवलं तर आत बी खुळखुळते, म्हणजे बी गरापासून सुटली आहे. पण हास खुळखुळण्याची वाट बघू नका, त्यात बी घट्ट बसलेली असते.

तळहाताने दाबणं

इथे नवखा माणूस सगळ्यांत जास्त फळं खराब करतो, म्हणून हे सावकाश वाचा.

अव्होकाडो बोटाच्या टोकाने किंवा अंगठ्याने दाबू नका. बोटाच्या टोकाखाली सगळा जोर एका रुपयाएवढ्या जागेवर येतो, तिथला गर चिरडतो आणि एक-दोन दिवसांत त्या जागी तपकिरी, बेचव डाग पडतो. बाहेरून हास काळा असल्याने डाग दिसतही नाही. घरात चार जणांनी रोज अंगठा लावला तर फळ पिकण्याआधीच आतून ठिपक्यांचं झालेलं असतं.

बरोबर पद्धत अशी. फळ तळहातावर आडवं घ्या, जसं पक्ष्याचं पिल्लू घ्याल. चारही बोटं आणि अंगठ्याचा मांसल भाग त्याच्याभोवती बसू द्या, बोटांची टोकं सालीला रुतू देऊ नका. आता सगळा हात एकदम, हळू आवळा. दोन सेकंद, मग सोडा. एवढ्यात काय कळायचं ते कळतं.

काय जाणवायला हवं? गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे चेंडूंवरून सांगता येईल. सीझन बॉलसारखा, काहीच दबत नाही, तर कच्चा. नव्या टेनिस बॉलसारखा, आवळल्यावर थोडा उत्तर देतो आणि लगेच घट्ट होतो, तर उद्या किंवा परवा. महिनाभर खेळून ढिला झालेल्या टेनिस बॉलसारखा, सहज दबतो पण सोडल्यावर आकार परत घेतो, तर आज. आणि दाबल्यावर खळगा तसाच राहिला, किंवा सालीखाली पोकळी असल्यासारखं वाटलं, साल गरावरून सरकली, तर उशीर झाला.

शंका राहिली तर एकच जागा बोटाने बघायची: देठाच्या बटणाशेजारची मान. बी खालच्या फुगीर भागात असते, मानेत नुसता गर असतो, त्यामुळे तिथे दाबाचा अंदाज खरा लागतो. तर्जनीचं पेर आडवं ठेवून अगदी हलका दाब द्या. मान दबते आणि पोट कडक लागतं तर अजून एक दिवस थांबा. दोन्ही सारखंच दबतात तेव्हा फळ तयार.

बटर फ्रूटची साल पातळ असल्याने तिथे निम्म्या जोराने दाबा. हासची जाड साल गर आहे त्यापेक्षा कडक भासवते, पातळ साल उलटं करते: फळ हाताला मऊ लागतं आणि आत अजून कच्चं असतं. म्हणून बटर फ्रूट तयार वाटल्यावरही बारा तास थांबून पुन्हा एकदा बघावं.

किती वेळा बघायचं? कडक असेपर्यंत दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने. नव्या टेनिस बॉलच्या अवस्थेला आल्यावर सकाळ-संध्याकाळ. मुंबईच्या उन्हाळ्यात या अवस्थेपासून तयार फळापर्यंतचा आणि तिथून उतरण्यापर्यंतचा काळ फार छोटा असतो. सकाळी उत्तम असलेलं फळ दुसऱ्या दिवशी दुपारी हातातून गेलेलं असू शकतं.

एक हिशेब: रविवारच्या नाश्त्यासाठी चार फळं

समजा मे महिना आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता सहा माणसांसाठी टोस्टवर अव्होकाडो घालायचा आहे, त्याला दोनशे ग्रॅमची चार हास फळं लागतील. फळ रविवारी पहाटे पिकेल असा नेम धरू नका, तो साधत नाही. शुक्रवारी रात्रीपर्यंत पिकवायचं आणि शनिवार फ्रिजमध्ये काढायचा, असा हिशेब ठेवा. मग एक दिवस इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही.

मंगळवारी संध्याकाळी चार हिरवी, कडक, बटण शाबूत असलेली फळं आणा. पुसून दोन पिशव्या करा. पहिलीत दोन फळं आणि ठिपके आलेली दोन वेलची केळी, दुसरीत दोन फळं आणि केळं अजिबात नाही. दोन्ही पिशव्या रात्री एसी चालणाऱ्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळकुटावर, पण एकमेकींपासून दोन हात लांब. वर तारीख आणि वार लिहा.

बुधवारी रात्री पहिली पिशवी उघडा. फळं अजून सीझन बॉलच असतील, कदाचित मानेजवळ रंग किंचित तपकिरी. तळाचा कागद ओला असेल तर बदला आणि पुन्हा दुमडा. केळी फार काळी झाली असतील तर ती शिकरणीला घ्या आणि नवी घाला, फुटून पाझरलेलं केळं पिशवीत ठेवू नये.

गुरुवारी रात्री एका फळावर जांभळट रंग पसरलेला दिसेल. तळहातात घ्या. नव्या टेनिस बॉलसारखं लागलं तर आता केळी बाहेर काढा, इथून पुढे फळाला त्यांची गरज नाही, ते स्वतः पुरेसं इथिलीन सोडतं. याच रात्री दुसऱ्या पिशवीचाही अंदाज घ्या. ती अजून पूर्ण कडक असेल तर काढलेली केळी तिच्यात घाला.

शुक्रवारी सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा बघा. पहिली दोन फळं रात्री जुन्या टेनिस बॉलच्या अवस्थेला आली की सरळ फ्रिजमध्ये. दुसरी दोन शनिवारी संध्याकाळच्या आसपास तिथे येतील, मग तीही फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी आठला चारही बाहेर काढून ठेवा, गार गराला चव कमी लागते.

दोन पिशव्यांचा उद्योग याचसाठी: चारही फळं एका पिशवीत घातली तर ती एकदम पिकतात, आणि अंदाज चुकला तर चारही एकदम जातात.

शुक्रवारी रात्री एकही फळ हललेलं नसेल तर? केळ्यांची संख्या दुप्पट करा आणि नवी, जास्त पिकलेली केळी घ्या. फळ उन्हात, गॅसजवळ किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये कडक अव्होकाडो मिनिटभरात मऊ होतो हे खरं, पण तो पिकत नाही, शिजतो. गर पाणचट होतो, कडवट लागतो आणि लोण्याची ती चव येत नाही. त्यापेक्षा रविवारी बटाट्याचं सँडविच करा आणि अव्होकाडो मंगळवारी खा.

फ्रिज केव्हा, किती दिवस

कडक फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. पिकण्याच्या प्रवासात असलेल्या फळाला थंडी बाधते. चार-पाच अंशांत अडकलेलं अर्धकच्चं फळ बाहेर काढल्यावर नीट पिकत नाही, गर करडा पडतो, आत काळ्या दोऱ्या दिसतात. पिकलेल्या फळाला तीच थंडी मानवते. जुन्या टेनिस बॉलची अवस्था आली की अख्खं फळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन दिवस निवांत राहतं.

पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलं की अव्होकाडो आठवडे टिकतो, असे व्हिडिओ फिरत असतात. तसं करू नका. सालीवर असलेले लिस्टेरिया आणि साल्मोनेलासारखे जंतू त्या पाण्यात वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता. याच कारणाने कापण्याआधी अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं, साल खात नसलो तरी. सुरी सालीतूनच गरात जाते.

कापल्यावर काय दिसतं

फळ उभं कापा: देठाकडून सुरी बीपर्यंत घालून फळ फिरवत पूर्ण गोल आणा, मग दोन्ही अर्ध उलट दिशांना पिळा. तयार फळ सहज सुटतं आणि बी एका अर्धात राहते. पिळताना जोर लागला, गर बीला चिकटून फाटला, तर एक दिवस घाई झाली.

अशा वेळी दोन्ही अर्धांच्या कापलेल्या बाजूला लिंबू चोळा, बीसकट पुन्हा जोडा, घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत ते थोडं मऊ होईल. अख्ख्या फळासारखं मात्र कधीच पिकणार नाही, म्हणून ते बारीक चिरून कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून कोशिंबिरीसारखं खावं. पूर्ण कडक असेल तर त्याच्यामागे लागू नका.

आत डाग दिसले तर त्यांची जागा बघा, ती कारण सांगते. डाग एका बाजूला, सालीलगत, बोटाएवढा असेल तर तो दाबल्याचा किंवा आपटल्याचा. तेवढा भाग काढून बाकीचा गर खाता येतो. देठाच्या बाजूने आत उतरत जाणारा तपकिरी रंग म्हणजे बुरशी देठातून शिरली, पुढच्या वेळी बटण शाबूत फळ घ्या आणि पिशवी जास्त कोरडी ठेवा. सगळा गर करडा आणि त्यात काळ्या दोऱ्या, तर फळाला कच्चं असताना थंडी लागली आहे, तुमच्या फ्रिजमध्ये किंवा त्याआधीच्या प्रवासात. बाहेरचा गर मऊ आणि बीभोवती चिवट थर, तर जागा फार गरम होती. चारी बाजूंनी चिवट, पाणचट आणि चव गवतासारखी, तर फळ कोवळं तोडलेलं होतं आणि घरी त्यावर इलाज नव्हता.

गराला आंबट किंवा जुन्या तेलासारखा खवट वास आला तर चव घेऊन बघू नका, टाकून द्या.

पिशवीवर तारीख लिहिली होती ना? तिच्या खाली दोन शब्द आणखी लिहा: पिशवी कुठे ठेवली होती आणि किती दिवस लागले. एसी नसलेल्या चाळीतल्या खोलीत आणि समुद्राकडे तोंड असलेल्या बाराव्या मजल्यावरच्या घरात हा आकडा वेगळा येतो, त्याच घरात मे आणि ऑगस्टमध्येही वेगळा येतो. तीन-चार खेपा लिहून ठेवल्या की रविवारसाठी फळ कोणत्या वारी आणायचं, ते तुमच्या घरापुरतं नक्की सांगता येईल.